आजींचे वय: रझाकारांच्या वेळी त्या केवढ्या होत्या?

पत्र: माझ्या आईच्या आईचा जन्म मराठवाड्यातल्या एका खेड्यात झाला. जन्माची कुठेच नोंद नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९५० अशी तारीख आहे आणि थोरल्या मामांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५६, म्हणजे हिशेबच जुळत नाही. आजीला विचारले तर कधी सत्तर सांगते, कधी नव्वद. रझाकारांच्या वेळी घरच्यांबरोबर गाव सोडल्याचे मात्र ती नेहमी सांगते. आम्हाला तिचे सहस्रचंद्रदर्शन करायचे आहे आणि डॉक्टरही दर वेळी खरे वय विचारतात. आठवणींवरून वय काढता येते असे ऐकले, ते नेमके कसे काढायचे?
— एक नात, लातूर

उत्तर:

आजींना वय विचारणे आजपासून थांबवा, आणि "तेव्हा तू किती वर्षांची होतीस?" हा प्रश्नही विचारू नका. ज्यांच्या घरात वाढदिवस कधी मोजलाच गेला नाही, त्यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. आपण आग्रह केला की त्या साठ, सत्तर, नव्वद असा एखादा गोल आकडा देऊन आपली सुटका करून घेतात. जनगणनेच्या तक्त्यांतही शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांची माणसे नेहमी प्रमाणाबाहेर दिसतात, ती याच कारणाने. मात्र त्याच आजींना "गाव सोडले तेव्हा तू चालत गेलीस की कुणी उचलून नेले?" असे विचारले तर उत्तर चटकन येते आणि वर्षानुवर्षे ते बदलत नाही. वय काढायचे ते या दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांवरून. घटनेची तारीख आपण बाहेरून आणायची, त्या वेळी शरीर कोणत्या अवस्थेत होते हे आजींकडून घ्यायचे आणि दोहोंची वजाबाकी करायची.

तुमच्या हातात असलेली रझाकारांची आठवण या कामासाठी फार मोलाची आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा त्रास वाढत गेला तशी सीमेलगतच्या गावांतली कितीतरी कुटुंबे बार्शी-सोलापूरच्या बाजूला, म्हणजे भारताच्या हद्दीत गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आपल्याकडची जुनी माणसे आजही या लष्करी कारवाईला पोलीस ॲक्शन म्हणतात. त्या दिवसांत गणपती बसलेले होते आणि १७ तारखेच्या सुमारास अनंत चतुर्दशी होती. त्यामुळे ज्या आजींना इसवी सन ठाऊक नाही त्या "गणपतीत फौज आली" एवढे सांगतात, आणि ते बरोबर जुळते. एका कुटुंबाचे गाव सोडणे आणि परत येणे साधारणपणे १९४७ च्या अखेरीपासून १९४८ च्या दिवाळीपर्यंतच्या एका वर्षात बसते. वय काढण्यासाठी इतकी अरुंद आणि इतकी ठळक घटना प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला येत नाही.

ही आठवण आजींची स्वतःची आहे की लहानपणी ऐकून ऐकून त्यांची झाली आहे, हे आधी तपासावे लागते. गाव सोडण्याची कथा घराघरांत पुन्हा पुन्हा सांगितली गेली. जी मुले तेव्हा पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती, तीसुद्धा आज ती प्रथमपुरुषी सांगतात, आणि त्यांत खोटे बोलण्याचा हेतू नसतो. मोठ्यांनी सांगितलेल्या कथेत कारण असते, क्रम असतो, गावातल्या कर्त्या माणसांची नावे असतात आणि शेवटही असतो. मुलाच्या स्वतःच्या आठवणीत यांतले फारसे काही नसते. तिच्यात एखादा तुकडाच असतो आणि तो बहुधा इतका क्षुल्लक असतो की मोठ्या माणसाने तो कधी कुणाला सांगितलाच नसता. म्हणून गोष्ट पूर्ण ऐकून झाल्यावर आजींना त्यांच्या पायाशी, हाताशी, पोटाशी आणणारे प्रश्न विचारावेत: अंगात काय घातले होते, रात्री कुणाच्या कुशीत झोपलीस, सर्वांत जास्त भीती कशाची वाटली, हातात काही दिले होते का. असा एखादा स्वतःचा तुकडा निघाला तर खालची मर्यादा लगेच मिळते, कारण तीन-साडेतीन वर्षांच्या आतले मोठेपणी सहसा आठवत नाही. मी सावधपणे चार वर्षे धरतो. म्हणजे १९४८ मधली स्वतःची आठवण असेल तर जन्म १९४४ च्या अलीकडचा असू शकत नाही, आणि आधार कार्डावरची १९५० ही तारीख एवढ्याच पुराव्यावर बाद होते.

पुढची पायरी एका उदाहरणाने सांगतो. तुळजापूर तालुक्यातल्या एका आजींचे वय याच पद्धतीने काढण्यात मी मदत केली होती, आणि त्यांचा तपशील तुमच्या आजींच्या परिस्थितीशी बराच जुळणारा आहे. त्यांचे माहेरचे कुटुंब ज्वारीची काढणी उरकून बार्शीकडे गेले, म्हणजे साधारण मार्च १९४८ मध्ये, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर परतले. त्या स्वतः बऱ्याच अंतरापर्यंत चालल्या आणि नदी ओलांडताना चुलत्याने त्यांना खांद्यावर घेतले. बार्शीकडच्या मुक्कामात त्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत. "मोठी होतीस का लहान?" यावर त्यांचे उत्तर "लहानच की" एवढेच होते, आणि ते निरुपयोगी होते. मग आम्ही दातांविषयी विचारले. त्यावर त्या आपणहून सांगू लागल्या की त्या उन्हाळ्यात त्यांचा वरचा समोरचा दात पडला. घरी असत्या तर आईने तो शेणाच्या गोळ्यात घालून आपल्या छपरावर टाकला असता, पण तिथे आपले छप्पर नव्हते म्हणून आईने तो परक्याच्या छपरावर टाकला. परक्या घरावर टाकलेला दात आपल्याला परत येणार नाही या भीतीने त्या रोज जिभेने हिरडी चाचपत, आणि गावी परतायच्या आधी नवा दात टोचू लागला.

या एका आठवणीने दोन कामे केली. आईने किंवा आजोबांनी सांगितलेल्या रझाकारांच्या कथेत मुलीच्या दाताची काळजी कधी येणार नाही, म्हणून आठवण त्यांची स्वतःची ठरली. शिवाय वरचे मधले दुधाचे दात बहुतेक मुलांचे साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात आणि त्या जागी कायमचे दात साधारण सात ते आठव्या वर्षी दिसू लागतात. म्हणजे १९४८ च्या उन्हाळ्यात वय सहा ते आठ, आणि जन्म १९४० चा उन्हाळा ते १९४२ चा उन्हाळा या दोन वर्षांतला. कडेवर घेतलेला भाऊही या हिशेबात बसतो, कारण वर्षभराचे मूल कडेवर घेऊन फिरायला मुलगी निदान सहा-सात वर्षांची लागते.

यावर लगेच समाधान मानू नये. एका घटनेवर काढलेले वय कितीही नेटके दिसले तरी दुसऱ्या, तिच्याशी संबंध नसलेल्या घटनेने ते तपासावे लागते. या आजींच्या बाबतीत दुसरी घटना नव्या पैशांची मिळाली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. थोरला मुलगा रांगत असताना दुकानातून घरात आलेला एक नवा पैसा त्याने तोंडात घातला आणि तो काढताना घरात एकच गोंधळ उडाला, हे त्यांना स्पष्ट आठवत होते. नाण्यांची ही आठवण फार चांगली आहे, पण नाणी बदलल्याची सरकारी तारीख जशीच्या तशी घेता येत नाही. नवी आणि जुनी नाणी काही काळ बरोबरीने चालत होती, आणि खेड्यातल्या दुकानात नवा पैसा रुळायला वेळ लागला. म्हणून आम्ही १९५७ च्या एप्रिलपासून १९५८ अखेरपर्यंत एवढी सैल मुदत धरली. रांगणारे मूल सात महिन्यांपासून वर्षाचे असते, त्यामुळे मुलाचा जन्म १९५६ च्या एप्रिलपासून १९५८ च्या पूर्वार्धापर्यंत कधीतरी झाला असला पाहिजे. मुलाच्या दाखल्यावर १ जून १९५७ होते, आणि ते या मुदतीत बसत होते.

आता मुलाच्या जन्मावरून आईच्या वयाकडे यायचे. त्या काळात मुलींची लग्ने लहानपणी होत, म्हणून लग्न ही फारशी उपयोगाची खूण नाही. "बाराव्या वर्षी लग्न झाले" हे वाक्य तर इतक्या बायकांच्या तोंडी असते की त्यातल्या बाराला मी काहीच महत्त्व देत नाही. त्यापेक्षा पदर कधी आला, म्हणजे पाळी कधी सुरू झाली, आणि त्यानंतर किती दिवाळ्यांनी पहिले मूल झाले, हे विचारावे. हा प्रश्न घरातल्या बाईमाणसानेच, आजी एकट्या असताना विचारलेला बरा. या आजींना लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पदर आला होता, आणि त्यानंतर दोन दिवाळ्यांनी थोरला मुलगा झाला. पदर येण्याचे वय तेरा ते सोळा असे सैल धरले तर पहिल्या बाळंतपणाचे वय पंधरा ते अठरा येते. त्यावरून त्यांचा जन्म १९३८ ते १९४३ मधला ठरतो. दातांनी दिलेली १९४० ते १९४२ ही मुदत पूर्णपणे याच्या आत आहे. म्हणजे दुसऱ्या घटनेने मुदत आणखी अरुंद केली नाही, पण पहिलीला बळ दिले. बहुतेक घरांत असेच होते, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही. दोन घटनांनी एकमेकींच्या बाहेरची उत्तरे दिली असती तर मात्र कोणती तरी एक आठवण किंवा एक तारीख चुकीची आहे हे कळले असते.

शेवटी मुदत अरुंद केली ती जन्माच्या हंगामाने. वर्ष माहीत नसले तरी आपण कोणत्या सणाच्या आसपास जन्मलो हे जुन्या माणसांना पुष्कळदा माहीत असते, कारण आई ते सांगत असते आणि पुढेही दर वर्षी त्या सणाला त्याची आठवण निघते. या आजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. पोळा श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात येतो. १९४० चा उन्हाळा ते १९४२ चा उन्हाळा या मुदतीत पोळे दोनच येतात, १९४० चा आणि १९४१ चा. १९४० धरले तर दात पडताना त्या साडेसात वर्षांच्या पुढे असतील. हे अशक्य नाही, पण जरा उशिराचे आहे. १९४१ धरले तर वय पावणेसात होते आणि ते नेमके मधोमध बसते. आम्ही कागदावर "जन्म १९४० किंवा १९४१, बहुधा ऑगस्ट १९४१" असे लिहिले आणि खाली कशावरून ते लिहिले. यापेक्षा बारीक उत्तर आठवणींतून निघत नाही, आणि कुणी दिवस-वार सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या उदाहरणात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल की सगळी उपयोगाची उत्तरे विशीच्या आतल्या घटनांतून आली. बहात्तरच्या दुष्काळाविषयी आजी तासभर बोलतील. खडी फोडायला जाणे, कामावर मिळणारी सुकडी, बरोबर नेलेले अंगावर पिणारे मूल हे सगळे त्यांना कालपरवाचे वाटते. पण अंगावर पिणारे मूल असलेली बाई वीस वर्षांची असू शकते आणि अडतीस वर्षांचीही. त्यामुळे त्या दुष्काळावरून तुमच्या आईचे किंवा मावशीचे वय नीट निघेल, आजींचे निघणार नाही. दात पडणे, पहिल्यांदा लुगडे नेसणे, पदर येणे, पहिले बाळंतपण या अवस्था एकदाच येतात आणि लवकर सरतात. म्हणून शोधायच्या घटना १९४० ते १९६० या काळातल्याच असाव्यात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, पण आडगावातल्या बाईच्या आयुष्यात त्या दिवसाने काही बदलले नसेल तर ती तारीख तिच्यापुरती निरुपयोगी आहे. उलट गावात पहिली पिठाची गिरणी आली किंवा विहिरीला पाणी लागले, ते वर्ष कुणाच्या तरी खरेदीखतावरून किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून काढता आले तर ती घटना मोठ्या राजकीय घटनेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

घटना ओळखण्यात चूक होण्याची शक्यता खूप असते. भूकंपाचे उदाहरण घ्या. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला आणि त्याचा धक्का फार दूरपर्यंत जाणवला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला, तोही पहाटेच. दोहोंत सव्वीस वर्षांचे अंतर आहे, पण "पहाटे भांडी वाजू लागली आणि आम्ही बाहेर धावलो" हे वर्णन दोन्हींना लागू पडते. तिथे हवामान आणि सण विचारावा. कोयनेच्या वेळी कडाक्याची थंडी होती, तर किल्लारीच्या आदल्या रात्री गणपती विसर्जनाची धामधूम होती. लातूरच्या माणसाला किल्लारी वेगळी सांगावी लागत नाही हे खरे, पण आजी काही वर्षे पुण्याकडे किंवा साताऱ्याकडे राहिल्या असतील तर दोन आठवणी एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात. दुष्काळाचेही तसेच आहे. एका माणसाच्या आयुष्यात दुष्काळ अनेक येतात आणि प्रत्येक वाईट वर्षाला पुढे बहात्तरचेच नाव मिळते. सुकडीचा उल्लेख आला तर मी बहात्तर धरतो. नुसत्या रेशनच्या लाल मिलो ज्वारीचा आला तर धरत नाही, कारण मिलो त्याच्याही आधी आलेला होता.

आणखी एक फरक मोजण्याच्या रीतीतून येतो. आपल्याकडे "सात सरून आठवे लागले" अशा मुलाला कुणी सातचे म्हणते, कुणी आठचे. म्हणून ऐकलेल्या प्रत्येक वयाला दोन्ही बाजूंनी एक वर्ष सैल सोडावे. घरात जुने खरेदीखत किंवा पावती सापडली आणि तिच्यावर १३५० च्या आसपासचे साल असले तर ते फसली साल असण्याची शक्यता आहे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, पण वर्षाचा आरंभ जानेवारीत नसल्याने तिथेही एक वर्षाचा फरक गृहीत धरावा. संस्थानातले जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, तेव्हा वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा. आजींच्या माहेरच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, तहसील कार्यालयात जतन झाले आहे का, याची एकदा चौकशी जरूर करा. त्यात मुलीचे नाव बहुधा नसते, फक्त बापाचे नाव आणि "मुलगी" एवढेच असते. तरीही तुम्ही काढलेल्या मुदतीत त्या बापाच्या नावावर एकच मुलगी निघाली तर प्रश्न सुटला.

आता तुमच्या घराकडे. मामांच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख खरी जन्मतारीख असण्याचा संभव कमी आहे. त्या पिढीत मूल शाळेत नेले की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की मूल सहाचे झाले असे धरत आणि शाळेच्या वर्षारंभापासून सहा वर्षे मागे मोजून १ जून लिहीत. त्यामुळे दाखला एवढेच सांगतो की १९६२ च्या सुमारास मामांचा हात कानापर्यंत पोहोचत होता. त्यांचा जन्म १९५५ ते १९५७ मधला धरा. आईचे वय तेव्हा निदान पंधरा धरले तर आजींचा जन्म फार तर १९४२ चा, त्याच्या नंतरचा नाही. रझाकारांच्या आठवणीने १९४४ ही मर्यादा दिली होती, मामांनी ती १९४२ वर आणली.

अलीकडची बाजू अशी बंद झाली, पण मागची बाजू अजून उघडी आहे, आणि तुम्हाला खरे काम तिथे करायचे आहे. आजींचा जन्म १९४१ चा असेल, तसा १९३३ चाही असू शकतो. त्यासाठी मला तुमच्या पत्रातल्या एका शब्दाचा खुलासा हवा आहे. गाव सोडले ते "घरच्यांबरोबर" म्हणजे माहेरच्यांबरोबर की सासरच्यांबरोबर? सासरच्यांबरोबर असेल तर १९४८ मध्ये त्यांचे लग्न होऊन त्या नांदत होत्या आणि जन्म १९३० च्या दशकात मागे जाईल. माहेरच्यांबरोबर असेल तर त्या वेळी अंगात परकर होता की लुगडे, समोरचे दात होते का, आणि सर्वांत धाकटे भावंड कोण होते व ते चालत होते की कडेवर होते, हे विचारा. दुसरा प्रश्न असा की मामा खरोखर पहिले अपत्य आहेत का. त्या काळात पहिली एक-दोन मुले दगावलेली असणे नवलाचे नव्हते आणि घरात त्यांचा उल्लेखही होत नाही. मामांच्या आधी दोन मुले झाली असतील तर आजींचे वय चार-पाच वर्षांनी वाढते. हा प्रश्न हळुवारपणे, आणि शक्य तर तुमच्या आईने विचारावा.

हे सर्व एका बैठकीत उरकू नका. वृद्ध माणसे थकली की "हो, तसेच असेल" म्हणू लागतात, आणि मुलेनातवंडे भोवती बसून "अगं आजी, तू तर तेव्हा मोठी होतीस" असे सुचवत राहिली तर दुसऱ्या दिवशी तेच त्यांची आठवण होऊन बसते. एकाच माणसाने विचारावे, आजींचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावेत आणि काही दिवसांनी तोच प्रश्न वेगळ्या वाटेने पुन्हा काढावा. दोन्ही वेळा आलेले उत्तर वापरावे, बाकीचे बाजूला ठेवावे.

सहस्रचंद्रदर्शनासाठी या सगळ्याची वाट पाहायची गरज नाही. एक हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. जन्म फार तर १९४२ च्या अखेरीचा धरला तरी तो टप्पा २०२३ मध्ये ओलांडला गेला आहे, त्यामुळे दिवस केव्हाही ठरवा. डॉक्टरांना एकच आकडा सांगण्याऐवजी मुदत सांगा, आणि ती कशावरून काढली तेही एका वाक्यात सांगा. मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या किंवा हाडांची झीज पाहण्याच्या हिशेबात वय लागते, पण तिथे दोन वर्षांच्या फरकाने फारसे बिघडत नाही. आधारवरच्या तारखेमुळे पडलेला आठ-दहा वर्षांचा फरक मात्र बिघडवू शकतो. हाडांच्या क्ष-किरण तपासणीने वय कळेल असे कुणी सुचवले तर तो खर्च करू नका. हाडांच्या वाढीची टोके विशी-पंचविशीपर्यंत जुळून जातात, आणि त्यानंतर त्या तपासणीतून वर्षे मोजता येत नाहीत.

सरकारी कागदांवरची तारीख बदलण्यासाठी तुमचा हा अंदाज पुरेसा पुरावा ठरणार नाही. जन्माला वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आजींचे सगळे कागद आज एकाच तारखेवर चालत असतील आणि त्यामुळे काही अडत नसेल, तर ती तारीख तशीच राहू द्यावी असे माझे मत आहे. श्रावणबाळ योजनेची पासष्ट वर्षांची अट त्या तारखेनेही पूर्ण होते.

आजींची माहेरची धाकटी भावंडे हयात असतील तर आजींच्याही आधी त्यांच्याकडे जा. आपण ताईच्या कडेवर होतो की ताईबरोबर चालत होतो, हे धाकट्या भावाला घरच्यांकडून कळलेले असते. शाळेत गेलेल्या भावाचे नाव त्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला की त्याचा उतारा मिळतो.